संचालक मंडळाच्या अहवालात भागधारकाने आधी काय शोधावे : लेखापरीक्षकाचा शेरा आणि त्यावरील उत्तर

वार्षिक अहवाल दीडशे-दोनशे पानांचा असला, तरी अध्यक्षांचे मनोगत आणि कारखान्याची छायाचित्रे बाजूला ठेवून थेट दोन ठिकाणी जावे. एक म्हणजे लेखापरीक्षकाचा अहवाल आणि दुसरे म्हणजे त्यातील शेऱ्यांना संचालकांनी दिलेले उत्तर. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३४(३)(एफ) नुसार लेखापरीक्षकाने नोंदवलेल्या प्रत्येक मर्यादित, म्हणजे काही बाबी वगळून मत देणाऱ्या, तसेच प्रतिकूल किंवा मत देण्यास नकार देणाऱ्या शेऱ्यावर संचालक मंडळाने आपले स्पष्टीकरण देणे बंधनकारक आहे.

हा अहवाल मिळण्याचा हक्क कंपनीच्या प्रत्येक भागधारकाला आहे, मग त्याच्याकडे एकच शेअर का असेना. सर्वसाधारण सभेच्या किमान २१ दिवस आधी हिशेबपत्रके आणि अहवाल पाठवावे लागतात. सूचीबद्ध कंपनीत ई-मेल नोंदवलेला नसल्यास अहवालाचा दुवा देणारे पत्र येते, आणि छापील प्रत मागितली तर कंपनीला ती द्यावी लागते. मागणी करताना डिमॅट खात्याचा डीपी आयडी व क्लायंट आयडी द्यावा. जुनी कागदी प्रमाणपत्रे अजून घरात असतील, तर फोलिओ क्रमांक द्यावा. ई-मेल नोंदवण्यासाठी डिमॅटधारकाने आपल्या डीपीकडे, म्हणजे डिमॅट खाते असलेल्या बँकेकडे किंवा दलालाकडे जावे, तर कागदी शेअर असलेल्याने आयएसआर-१ हा अर्ज पॅनच्या प्रतीसह कंपनीच्या शेअर हस्तांतरण एजंटाकडे द्यावा. गोव्यात पतसंस्थेचे सभासद पुष्कळ आहेत, म्हणून स्पष्ट करतो की सहकारी संस्थेला हे कलम लागू नाही. तिचा कायदा वेगळा आहे.

आता एक उदाहरण पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीचा करपूर्व नफा ६ कोटी रुपये आहे. लेखापरीक्षक लिहितो की एका ग्राहकाकडून येणे असलेल्या ५ कोटींच्या वसुलीबाबत पुरेसा पुरावा मिळाला नाही आणि त्यासाठी तरतूदही, म्हणजे ती बुडू शकते असे धरून नफ्यातून वजावटही, केलेली नाही. संचालकांचे उत्तर एका ओळीचे : ‘रक्कम वसूल होईल असा व्यवस्थापनाला विश्वास आहे.’ उत्तर दिल्यामुळे कायद्याचा सोपस्कार पुरा होतो, पण भागधारकाला काहीच कळत नाही. पूर्ण तरतूद केली असती तर नफा १ कोटीवर आला असता, हे गणित आपणच मांडावे लागते.

पुढची पडताळणी टिपांमध्ये होते. येणे रकमांचा कालावधीनिहाय तक्ता हिशेबपत्रकांच्या टिपांत असतो. त्यात ही ५ कोटींची रक्कम गेल्या वर्षी ‘दोन ते तीन वर्षे’ या रकान्यात होती आणि यंदा ‘तीन वर्षांहून अधिक’ या रकान्यात सरकली असेल, तर वर्षभरात पैसे आलेले नाहीत. गेल्या वर्षीचा संचालकांचा अहवालही शेजारी ठेवावा. त्यात हेच वाक्य शब्दशः असेल, तर ‘विश्वास’ हा शब्द किती वजनदार आहे हे निराळे सांगायला नको.

तो ग्राहक कोण, हा खरा प्रश्न. संचालकांच्या अहवालासोबत संबंधित पक्षांशी, म्हणजे संचालक, त्यांचे नातेवाईक किंवा त्यांच्या संस्थांशी, केलेल्या करारांचे एओसी-२ हे प्रपत्र जोडलेले असते आणि बहुतेक जण त्यातील ‘निरंक’ वाचून पान उलटतात. मात्र या प्रपत्रात बाजारभावाबाहेरचे तसेच ठरावीक मोठे करारच येतात, त्यामुळे निरंक याचा अर्थ संबंधित पक्षांशी व्यवहारच नाहीत असा होत नाही. संपूर्ण यादी हिशेबांच्या ‘संबंधित पक्ष’ या टिपेत असते. तिथे एखाद्या संचालकाच्या नातेवाइकाची संस्था आणि तिच्या नावापुढे तेच ५ कोटी दिसले, तर शेऱ्याचा अर्थच बदलतो.

सूचीबद्ध कंपनीच्या बाबतीत आणखी एक पान पाहावे : लेखापरीक्षणातील शेऱ्याचा आकड्यांवर होणारा परिणाम दाखवणारे निवेदन. तिथे शेऱ्याप्रमाणे दुरुस्ती केली तर नफा किती होईल ते दिलेले असते. परिणाम मोजता येत नाही असे लिहिले असेल, तर त्याचे कारण वाचावे.

अहवाल मिळालाच नाही, तर कंपनीने कंपनी निबंधकांकडे सादर केलेले हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या www.mca.gov.in या पोर्टलवर १०० रुपये शुल्क भरून पाहता येतात. गोव्यात नोंदणीकृत कार्यालय असलेल्या कंपन्यांचे निबंधक कार्यालय पणजीत आहे. मात्र कारखाना वेर्ण्यात आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत अशी रचना असेल, तर पत्रव्यवहार मुंबईच्या निबंधकांशी करावा. पोर्टल देशभर एकच आहे. मात्र सभेनंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचे असतात, त्यामुळे सभेपूर्वी ताजे हिशेब पोर्टलवर सापडतील असे धरून चालू नये.

सभेत हिशेब संमत करण्याचा ठराव येतो तेव्हा प्रश्न विचारता येतो. कलम १४६ नुसार लेखापरीक्षकाने, सूट नसल्यास, स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत उपस्थित राहायचे असते. शिवाय कंपनीच्या कामकाजावर प्रतिकूल परिणाम करणारे शेरे सभेत वाचून दाखवावे लागतात. सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून असेल, तर बोलण्यासाठी पूर्वनोंदणीची मुदत सूचनेत पाहून घ्यावी. ‘रक्कम वसूल होईल का?’ असे विचारल्यास पुन्हा विश्वासच ऐकू येईल. म्हणून ‘३१ मार्चनंतर आजपर्यंत या ग्राहकाकडून नेमके किती रुपये बँकेत जमा झाले?’ असे विचारावे आणि प्रश्न आधी लेखी पाठवून त्याची पोच ठेवावी.