गर्भारपणातील सुरुवातीचा रक्तस्राव

पहिल्या तीन महिन्यांत योनीमार्गे जाणारे रक्त. साताऱ्या-सांगलीकडे बायका याला ‘डाग लागणे’ किंवा ‘अंगावरून जाणे’ म्हणतात. साधारण चार गरोदर स्त्रियांपैकी एकीला ते होते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींची गर्भधारणा पुढे टिकते. गर्भ रुजताना लागलेला फिका डाग किंवा संबंधानंतर गर्भाशयाच्या मुखातून आलेले थोडे रक्त बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. पोटात दुखत नसेल आणि डाग एक-दोन दिवसांत थांबला, तरी तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. गर्भपात होणारच असेल तर पलंगावर पडून राहिल्याने तो टळत नाही, घरातली वडीलधारी काहीही सांगोत.

रक्त किती गेले यावरून धोका मोजण्याची सवय मात्र घातक ठरू शकते. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला, तर नळी फुटल्यावर रक्त पोटात साचते आणि बाहेर केवळ तपकिरी डाग दिसतो. बहुतेकदा हे सहाव्या ते आठव्या आठवड्यात उघडकीस येते.

समजा, जत तालुक्यातल्या एका बाईची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे. पाळी दोन आठवडे लांबली, मग थोडे काळपट रक्त दिसले. ‘ऑपरेशन झालंय, पाळीच उशिरा आली,’ असे सगळ्यांनाच वाटते. उजव्या ओटीपोटात दुखू लागल्यावर आशाताई लघवीची तपासणी करतात आणि ती होकारार्थी येते. शस्त्रक्रियेनंतर गर्भ क्वचितच राहतो, पण राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता वाढलेली असते. म्हणून तिला त्याच दिवशी मिरजेला नेतात. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे दिसते. रक्तातील एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर तयार होणारे संप्रेरक, १,१०० येते, ४८ तासांनी १,२५०. गर्भ व्यवस्थित वाढत असता तर एवढ्या वेळात आकडा निदान दीडपट व्हायला हवा होता. पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत उजव्या नळीजवळ छोटी गाठ दिसते. नळी फुटलेली नसल्याने गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्झेट या औषधाचे इंजेक्शन देता येते, पण त्यानंतर एचसीजी शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्ततपासणी चुकवता येत नाही. नळी फुटली असती, तर शस्त्रक्रियेवाचून इलाज नव्हता.

एका बाजूला दुखणे, खांद्याच्या टोकाशी कळ, चक्कर किंवा घेरी यांपैकी काहीही असेल, तर डाग कितीही किरकोळ असो, सकाळची वाट पाहू नये. खांदा दुखतो तो पोटातले रक्त छाती आणि पोटामधल्या श्वासपटलाला लागल्यामुळे. त्याला वाताचे दुखणे समजून तेल चोळत बसण्यात वेळ जातो. दर तासाला दोन पॅड भिजणे आणि ताप किंवा घाण वास येणे, हेही तितकेच तातडीचे. घेरी आलेल्या बाईला दुचाकीवर बसवू नये, १०८ ला फोन करावा. सोबत रक्तगटाचा कागद न्यावा, कारण गट निगेटिव्ह असेल तर पुढच्या गरोदरपणातल्या बाळाला रक्तगटामुळे त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर अँटी-डी इंजेक्शनचा विचार करतात आणि ते ७२ तासांच्या आत द्यायचे असते.