दहा शेकांचा एक शेक कसा झाला

परळच्या आसपास मुक्काम असलेल्या कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांत एक प्रश्न हटकून निघतो : "हाडाच्या दुखण्यावर बाजूच्या बाईंना किरणांचे दहा शेक दिले, आमच्या आईला एकच. पुरेल का?" कमी शेक म्हणजे कमी उपचार, असं वाटणं साहजिक आहे. डॉक्टरांनाही ते बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

स्तनाचा कॅन्सर हाडांतच वारंवार का रुजतो, याचा विचार लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच मांडला होता : बी कुठेही पडलं तरी उगवतं मानवेल त्या जमिनीत. हाडात शिरलेल्या कॅन्सरपेशी स्वतः हाड क्वचितच खातात. जुनं हाड काढून टाकणाऱ्या आपल्याच पेशींना त्या चेव आणतात. हाड पोकळ होतं, दुखतं आणि एखाद्या दिवशी नुसतं कुशीवर वळतानाही मोडतं.

अशा दुखण्यावर किरणोपचार चालतात हे जुनंच ज्ञान. भांडण होतं ते किती द्यायचे यावर. 1982 मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीने सांगितलं की कमी-जास्त शेकांचा गुण सारखाच. तीन वर्षांनी त्याच चाचणीची आकडेमोड पुन्हा झाली आणि निष्कर्ष उलटा निघाला. पुढे 1999 मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचण्यांनी, आणि 2005 मध्ये अमेरिकेतल्या आणखी एका चाचणीने, 8 ग्रे मात्रेचा एकच शेक आणि अनेक शेक समोरासमोर ठेवले. दुखणं दोन्हीकडे जवळपास सारखंच कमी झालं. फरक एवढाच, की एकाच शेकानंतर तीच जागा पुन्हा शेकावी लागण्याचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. डोंबिवलीहून मोडक्या कण्यानिशी दहा दिवस लोकलने येणं काय असतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा सौदा समजावून सांगावा लागत नाही.

पण एक शेक सगळीकडे चालत नाही. साठीच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. पेशंट काल्पनिक आहे, हिशोब खरा. स्तनाचा कॅन्सर, कंबरेच्या मणक्यात एक डाग आणि उजव्या मांडीच्या हाडात, खुब्याजवळ, दुसरा. पाय टेकला की कळ येते. इथे डॉक्टर 1989 साली मिरेल्स यांनी मांडलेली गुणपद्धत काढतात. जागा, दुखणं, डागाचं स्वरूप आणि आकार, प्रत्येकाला 1 ते 3 गुण. खुब्याजवळचं हाड म्हणून 3, वजन टाकताच दुखतं म्हणून 3, हाड पोखरलेलं म्हणून 3, डाग हाडाच्या जाडीच्या निम्म्याइतका म्हणून 2. बेरीज 11. 9 किंवा जास्त आले की हाड मोडायची वाट न पाहता आधी सळई घालावी, असा संकेत आहे. ही पद्धत हातापायांच्या लांब हाडांसाठी आहे. मणक्याला लावायची नाही.

इथे नुसता शेक देऊन घरी पाठवलं तर घोटाळा होतो. शेकाने दुखणं कमी होतं, बाई बिनधास्त चालू लागतात, आणि हाड मात्र अजून तितकंच कच्चं असतं. ते भरायला काही महिने जातात. म्हणून आधी सळई, जखम भरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्या मांडीला पाच किंवा दहा शेक. मणक्याला मात्र एकच, तोही पायातली ताकद गेलेली नसेल आणि लघवी-शौचावरचा ताबा शाबूत असेल तर. ताकद किंवा हा ताबा गेला तर मज्जारज्जूवर दाब आल्याचा संशय असतो आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. शेकानंतर पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढू शकतं. खरा आराम पडायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर गोळ्या बंद करायच्या नाहीत.

शेकांच्या जोडीला हाडं राखायला जे इंजेक्शन देतात, त्याचा इतिहास वेगळ्याच वाटेने आला. पाण्याच्या पाइपांत क्षार साचू नयेत म्हणून वापरात असलेल्या रसायनांच्या कुळाकडे हर्बर्ट फ्लाइश यांनी 1960 च्या दशकात औषध म्हणून पाहिलं. त्यातूनच पुढे आलं झोलेड्रोनिक अॅसिड : 4 मिलिग्रॅम, सलाइनमधून, किमान 15 मिनिटांत. ते हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं. फ्रॅक्चर टळतात किंवा पुढे जातात, पण आधीच खचत आलेली मांडी त्याने सावरत नाही आणि तातडीचं दुखणंही थांबत नाही. पूर्वी ते दर महिन्याला देत. आता बऱ्याच पेशंटना दर तीन महिन्यांनी दिलं तरी भागतं, हे 2017 च्या चाचणीत दिसलं.

2003 पासून या औषधांची दुसरी बाजू नोंदली जाऊ लागली : दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून न भरणं. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी डेंटिस्टकडे जायचं, किडलेला दात आधीच काढून घ्यायचा. प्रत्येक वेळी किडनीचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन पाहायचं. किडनी कमजोर असेल तर 120 मिलिग्रॅमचं डेनोसुमॅब त्वचेखाली देता येतं, पण त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं. ओठांभोवती मुंग्या येणं, बोटं आखडणं ही त्याची खूण, आणि ती दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रक्त तपासायचं.