पाइपमध्ये पाणी किती मावते? आधी आतला व्यास पाहा

लाइन भरायला किंवा फ्लश करायला पंप, टाकी किंवा माणसे मागवताना ग्राहक आम्हाला बहुतेक वेळा असे सांगतात : "चार इंची पाइप आहे, साधारण अडीचशे मीटर. पाणी किती लागेल?" एवढ्या माहितीवर आम्ही लगेच आकडा देत नाही. पाइपवर छापलेल्या ओळीचा फोटो मागतो. काहींना हे उगाच लांबण लावल्यासारखे वाटते. हा फोटो आला नाही तर कामाच्या दिवशी काय होते, ते या पत्रकात मांडले आहे. हिशेबही दिला आहे, म्हणजे तो तुम्हाला स्वतःही करता येईल.

हिशेब छोटा आहे. पाइपचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि आलेल्या संख्येला १२७३ ने भागा. एक मीटर पाइपमध्ये किती लिटर पाणी मावते ते मिळते. त्याला लांबीने गुणले की पूर्ण लाइनचे पाणी. वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि मिलिमीटरवरून लिटरवर येण्याचा भागाकार हे दोन्ही त्या १२७३ मध्ये आलेले आहेत, त्यामुळे वेगळे काही करावे लागत नाही.

चूक होते ती गुणाकारात नाही, व्यासात. एचडीपीई पाइप ज्या मापाने ओळखला आणि विकला जातो, ते त्याचे बाहेरचे माप असते. ११० मिलिमीटरचा पाइप बाहेरून ११० असतो. आतून किती, हे भिंतीच्या जाडीवर ठरते आणि जाडी दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. बोलताना याच पाइपला 'चार इंची' म्हणतात. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर. हे माप त्या पाइपला बाहेरून लागू पडत नाही आणि आतूनही सहसा नाही.

समजा ११० मिलिमीटरचा, एसडीआर ११ असा छाप असलेला २४० मीटर पाइप आहे. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे तो आकडा. ११० ला ११ ने भागले की जाडी १० मिलिमीटर येते. भिंत दोन्ही बाजूंना असते, म्हणून ११० मधून २० वजा करायचे. आतला व्यास ९० राहिला. ९० गुणिले ९० म्हणजे ८१००, भागिले १२७३, म्हणजे मीटरला ६.३६ लिटर. २४० मीटरला सुमारे १५२७ लिटर.

आता कोणी ११० हाच आकडा हिशेबात घातला, तर मीटरला ९.५ लिटर आणि एकूण २२८१ लिटर येतात. फरक साडेसातशे लिटरचा, म्हणजे खऱ्या पाण्याच्या जवळजवळ निम्मा. व्यासात वीस मिलिमीटरचा फरक लहान वाटतो, पण हिशेबात व्यास दोनदा गुणला जातो, त्यामुळे चूकही दोनदा गुणली जाते. जाडीची वजाबाकी एकाच बाजूची करणे ही दुसरी नेहमीची चूक. ११० मधून फक्त १० गेले की व्यास १०० धरला जातो आणि पाणी जवळपास पावपट जास्त येते.

पाणी जास्तच धरले, त्यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते भरताना. लाइन भरताना आम्ही पंपापुढे पाण्याचे मीटर लावतो. शेवटच्या टोकाने सलग, बुडबुड्यांशिवाय पाणी येऊ लागले की मीटरवरचा आकडा हिशेबाशी ताडून पाहतो. आकडा कमी असेल तर आत कुठेतरी हवा अडकली आहे. वरच्या उदाहरणात हिशेब १५२७ लिटरचा असताना मीटर १३८० वर असेल, तर १४७ लिटर जागेत अजून हवा आहे. दर मीटर लांबीला ६.३६ लिटर धरले तर साधारण २३ मीटर लांबीचा पाइप रिकामा. अशी हवा बहुधा चढ संपून उतार लागतो तिथे बसते, कारण पाणी माथ्यावरून पलीकडे तळाने वाहत उतरते आणि वरची हवा तिथेच राहते. त्या माथ्यावरचा एअर व्हॉल्व्ह उघडून ती काढता येते.

हिशेब २२८१ चा असेल तर पाणी १५२७ लिटरला टोकाला पोहोचल्यावर सगळ्यांना वाटते की एक तृतीयांश लाइन हवेने भरली आहे. मग एकेक व्हॉल्व्ह उघडला जातो, पंप बंद-चालू होतो, माणसे टोकापासून टोकापर्यंत फिरतात. नसलेली हवा शोधण्यात दिवस जातो. आमच्या माणसांचा वेळ वाया जाण्याचे सर्वात मोठे कारण हेच, म्हणून फोटोचा आग्रह.

उलटही होते. मीटरवरचा आकडा हिशेबापेक्षा बराच पुढे गेला तर गळती, नकाशात नसलेली फांदी किंवा मागवलेल्यापेक्षा पातळ भिंतीचा पाइप, यांपैकी काहीतरी आहे. ११० चाच पाइप एसडीआर १७ असेल तर तक्त्यातली भिंत ६.६ मिलिमीटर, आतला व्यास ९६.८ आणि मीटरला ७.३६ लिटर, म्हणजे २४० मीटरला १७६७ लिटर. एकाच लाइनमध्ये दोन वर्गांचे पाइप जोडलेले असतील तर दोन्ही लांब्यांचा हिशेब वेगळा करून बेरीज करावी. दोन-चार टक्के फरकाकडे मात्र लक्ष देऊ नका. एचडीपीईची भिंत ठरलेल्या जाडीपेक्षा थोडी जास्त चालते, कमी चालत नाही, त्यामुळे खरे पाणी हिशेबापेक्षा किंचित कमीच भरते.

निर्जंतुकीकरण करायचे असेल तर हाच आकडा औषधाच्या मात्रेत जातो. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन ठेवायचे असेल आणि पावडर ६५ टक्क्यांची असेल, तर १५२७ लिटरला सुमारे ११७ ग्रॅम पावडर लागते. २२८१ धरून १७५ ग्रॅम टाकली तर पाण्यात ७५ मिलिग्रॅम होते. ते धुऊन काढायला जास्त पाणी लागते आणि सोडायला जागाही तशीच हवी.

आता फ्लशिंग. पाइप भरणे आणि पाइप धुणे ही दोन कामे एकाच पंपाने उरकण्याचा आग्रह बरेच जण धरतात. भरताना पाणी सावकाश गेलेले चांगले, कारण हवेला बाहेर पडायला वेळ मिळतो. मिनिटाला ६० लिटर देणारा पंप आपली लाइन सुमारे पंचवीस मिनिटांत भरेल. त्या वेळी आतले पाणी सेकंदाला फक्त १६ सेंटिमीटर पुढे सरकत असते. एवढ्या वेगाने तळाशी बसलेली वाळू आणि कापलेल्या पाइपचा चुरा हलत नाही. पाणी बदलते, घाण तिथेच राहते. टोकाला स्वच्छ पाणी दिसते आणि लाइन धुतली असे वाटते. पुढे जोराचा प्रवाह सुरू झाला की तीच वाळू फिल्टरमध्ये येऊन बसते.

धुण्यासाठी वेग सेकंदाला निदान ०.९ मीटर ठेवावा. इथेही मीटरमागच्या लिटरचा आकडा उपयोगी पडतो : त्याला वेगाने गुणले की सेकंदाला किती लिटर हवेत ते थेट मिळते. ६.३६ गुणिले ०.९ म्हणजे सेकंदाला ५.७२ लिटर, मिनिटाला सुमारे ३४३. या वेगाने पाइपमधले पाणी एकदा बदलायला साडेचार मिनिटे लागतात. एकदा बदलून भागत नाही, कारण भिंतीलगतचे पाणी मधल्या पाण्यापेक्षा हळू चालते आणि जुने-नवे पाणी मिसळत जाते. आम्ही तीन वेळा बदलेल एवढे, म्हणजे सुमारे ४६०० लिटर, तयार ठेवायला सांगतो. त्यानंतर टोकाला पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन तळाला काही बसते का ते पाहायचे. बसले तर चालूच ठेवायचे. व्यास चुकून ११० धरला असता तर आम्ही मिनिटाला ५१३ लिटरचा पंप पाठवला असता आणि त्याचे भाडे तुम्ही विनाकारण भरले असते.

पंप मोठा आणि बाहेर पडायची वाट लहान, हे दृश्यही नेहमीचे. टोकाला आतून २५ मिलिमीटरचा कॉक असेल तर त्यात मीटरला अर्धा लिटरसुद्धा मावत नाही. सेकंदाला ५.७२ लिटर त्यातून जायचे तर पाण्याला सेकंदाला साडेअकरा मीटरहून अधिक वेग हवा. तो मिळत नाही, पंप दाब वाढवत राहतो आणि मोठ्या पाइपमधले पाणी जवळजवळ उभेच राहते. आतून ५० मिलिमीटरची वाट दिली तर तेवढेच पाणी सेकंदाला तीन मीटरच्या आत निघून जाते. म्हणून फ्लशिंगच्या आधी शेवटचा वॉशआउट व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. तो लहान असेल तर शेवटचा जोडच मोकळा करून द्या. बंद टोकाच्या फांद्या मुख्य लाइनबरोबर भरतात, पण धुतल्या जात नाहीत. प्रत्येकीचे टोक वेगळे उघडावे लागते.

छाप पुसला असेल तर कापलेल्या टोकावर व्हर्नियर लावा, पण आधी कापताना उठलेली कड घासून काढा. कॉइलमधून सोडलेला पाइप थोडा चपटा असतो, म्हणून आडवे आणि उभे अशी दोन मापे घेऊन सरासरी काढा. व्हर्नियर नसेल तर एक मीटरचा तुकडा एका टोकाला बंद करून काठोकाठ भरा आणि ते पाणी बादलीत ओतून वजन करा. एक किलो म्हणजे एक लिटर. ९० मिलिमीटरच्या आतल्या व्यासाला ६.३६ किलो भरले पाहिजे. जुन्या लोखंडी पाइपला मात्र नव्या पाइपचा तक्ता लावू नका. आतून ५० मिलिमीटरच्या पाइपला चहूबाजूंनी तीन मिलिमीटर थर बसला की ४४ राहतात आणि पाणी २३ टक्के कमी मावते.

आमच्याकडून पाइप घेतला असेल तर बिलावर प्रत्येक मापापुढे आतला व्यास आणि मीटरमागचे लिटर लिहिलेले असते. ते बिल जपून ठेवा. पाइप दुसरीकडून घेतला असला तरी हरकत नाही. छापाचा फोटो, प्रत्येक मापाची लांबी, फांद्या दाखवणारा हाताने काढलेला नकाशा आणि शेवटच्या व्हॉल्व्हचे आतले माप एवढे पाठवा. पाण्याचा, वेळेचा आणि पंपाचा हिशेब आम्ही लिहून देतो, आणि पंप आमचा घेतला तर पाण्याचे मीटर त्याच्याबरोबरच येते.