आधी कागद, मग टाइमलाइन: हाताशी असलेल्या क्लिपांचा स्टोरीबोर्ड

स्टोरीबोर्ड म्हटले की चित्रीकरणापूर्वी काढलेल्या चौकटी डोळ्यांसमोर येतात. 1930 च्या दशकात डिस्ने स्टुडिओत व्यंगपटांसाठी ही पद्धत रुळली. तिथे प्रत्येक चौकट ही एक मागणी असते, म्हणजे असे दृश्य आम्हाला हवे आहे. परंतु चित्रीकरण आधीच झालेले असेल, संगणकात साठसत्तर क्लिपा पडून असतील आणि त्यांतूनच एक छोटी फिल्म तयार करायची असेल, तर चौकटीचा अर्थ उलटतो. ती आता साठ्यातील एका वस्तूची नोंद होते, आणि कागदावरचे काम म्हणजे या साठ्यातून कोणती गोष्ट सांगता येते व कोणती येत नाही, याचा शोध होतो. हा शोध संकलनाचे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच का घ्यावा, याची कारणे आपल्या स्मृतीच्या मर्यादेत आणि टाइमलाइनच्या रचनेत सापडतात.

एक उदाहरण घेऊ. पेणच्या एखाद्या कारखान्यात शाडूच्या गणेशमूर्ती घडताना चित्रित केलेल्या साठ क्लिपा आपल्याकडे आहेत आणि त्यांतून दोन मिनिटांची, निवेदन असलेली फिल्म करायची आहे, असे समजू. काही क्लिपा कॅमेऱ्याने आडव्या घेतलेल्या आहेत, काही कोणीतरी मोबाइल उभा धरून घेतलेल्या आहेत, आणि सगळ्या एकाच दिवशीच्या नाहीत.

नवखा संकलक बहुधा पहिली चांगली दिसणारी क्लिप टाइमलाइनवर टाकतो, मग तिला जुळणारी दुसरी शोधतो. यात अडचण अशी की आपली कार्यकारी स्मृती एका वेळी फारच थोडे घटक धरून ठेवू शकते. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन ही मर्यादा साधारण चार घटकांची असल्याचे मांडले. साठ क्लिपांपैकी नुकत्याच पाहिलेल्या चारपाचच मनात जाग्या राहतात आणि जोडणी त्यांच्यातच होत राहते. बाकीच्या नाकारल्या जातात असे नाही, त्या आठवतच नाहीत. टाइमलाइन या बाबतीत फारशी मदत करत नाही. तिच्यावर क्लिपा लहानमोठ्या पट्ट्यांच्या रूपात दिसतात आणि पट्टीची लांबी फक्त कालावधी दाखवते. त्यामुळे चाळीस सेकंदांची निरर्थक क्लिप मोठी दिसते, तर तीन सेकंदांची निर्णायक क्लिप जेमतेम नजरेस पडते. कागदावर दोघींची चौकट सारख्याच आकाराची असते, आणि माझ्या मते कागदाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे.

जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी 1987 मध्ये आकृत्यांचे बळ नेमके कशात असते याचे विश्लेषण केले. आकृतीत एकत्र लागणारी माहिती एकाच जागी ठेवता येते, म्हणून शोधण्याचे श्रम वाचतात, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. टेबलावर मांडलेली कार्डे हेच काम करतात, शिवाय ती हाताने सरकवता येतात.

तेव्हा पहिली पायरी म्हणजे सर्व क्लिपा साध्या प्लेअरमध्ये एकदा सलग पाहणे आणि वहीत नोंद करणे. त्यानंतर कामाच्या वाटलेल्या प्रत्येक क्लिपेसाठी एक कार्ड करायचे. कार्डावरील चौकट अंतिम फिल्मच्या प्रमाणात आखावी. सोळास नऊ या आडव्या प्रमाणासाठी 8 सेंटीमीटर रुंद आणि 4.5 सेंटीमीटर उंच चौकट सोयीची पडते. मोबाइलवरची उभी क्लिप या चौकटीत काढू लागताच मूर्तीचा मुकुट किंवा कारागिराचे हात कापले जातात हे पेन्सिलीलाच कळते. चित्र सुबक असण्याची मुळीच गरज नाही: माणसासाठी काडीची आकृती, मूर्तीसाठी एक अंडाकृती आणि जमिनीची रेषा एवढे पुरते. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ एका चित्रावर जात असेल, तर आपण चित्रकलेत रमलो आहोत असे समजावे. चौकटीखाली मात्र तीन गोष्टी हव्यातच: फाइलचा क्रमांक, क्लिपेतील वापरण्याजोगे सेकंद आणि हालचालीची किंवा नजरेची दिशा दाखवणारा बाण.

‘वापरण्याजोगे सेकंद’ म्हणजे क्लिपेची पूर्ण लांबी नव्हे. सुरुवातीचा कॅमेऱ्याचा धक्का आणि शेवटची हलणारी चौकट वजा करावी लागते. चार सेकंदांच्या क्लिपेच्या दोन्ही टोकांना एकेक सेकंदाचा डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य विरत असताना दुसरे उमटणारा जोड, दिला, तर शेजारच्या दृश्याची सरमिसळ नसलेले दोनच सेकंद उरतात.

आता मांडणी. क्लिपा चित्रीकरणाच्या क्रमाने लावण्याचा मोह होतो, परंतु प्रेक्षक फिल्म तशी पाहत नाही. जेफ्री झॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले, की सलग चाललेली कृती पाहताना माणसे तिचे मनातल्या मनात तुकडे पाडतात आणि एक घटना कुठे संपून दुसरी कुठे सुरू होते याबद्दल निरनिराळ्या प्रेक्षकांचे बऱ्यापैकी एकमत होते. 2001 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात, लोक नुसते पाहत असतानाही अशा सीमांच्या आसपास मेंदूच्या काही भागांतील क्रिया बदलताना आढळली. म्हणून कार्डांच्या रांगा या घटनांनुसार लावाव्यात. आपल्या उदाहरणात माती मळणे, साच्यात भरणे, साचा उघडणे, जोडकाम, वाळवण, रंगकाम आणि डोळ्यांची आखणी अशा सात रांगा होतात.

रांगा लागताच साठ्याचे खरे रूप समोर येते. साच्यात माती दाबण्याच्या रांगेत नऊ कार्डे आहेत, कारण ते काम हळू चालते आणि चित्रीकरण करणाऱ्याला भरपूर वेळ मिळाला. वाळवणाच्या रांगेत एकही नाही. स्थिर राहिलेल्या मूर्तींकडे कॅमेरा वळवावा असे कोणाला सुचले नसणार. परंतु ओली शाडू गडद राखाडी असते, वाळल्यावर ती फिकट होते, आणि ती सावलीत वाळायला कित्येक दिवस लागतात. हा टप्पा गाळून जोडकामावरून थेट रंगाकडे गेलो, तर मूर्तीचा रंग एका कटमध्ये बदलतो आणि प्रेक्षक क्षणभर गोंधळतो. अशा रिकाम्या जागी कोरे कार्ड ठेवून त्यावर फुली मारावी आणि मग नाकारलेल्या क्लिपा पुन्हा चाळाव्यात. फळ्यांवर ओळीने ठेवलेल्या बिनरंगी मूर्तींचा एखादा लांबचा शॉट, जो पहिल्या पाहणीत कंटाळवाणा म्हणून सोडला होता, तो नेमका इथे बसतो. तसा शॉट नसेल तर निवेदनातील एका वाक्यावर भागवायचे की पुन्हा कारखान्यात जायचे, हा निर्णय तरी वेळेवर घेता येतो.

आखणीची रांग अधिक बोलकी आहे. निवेदनात या टप्प्यासाठी चाळीसेक शब्द आहेत. संथ मराठी निवेदन साधारण सेकंदाला दोन शब्द या गतीने वाचले जाते असे धरले, तर वीस सेकंदांची दृश्ये हवीत. घड्याळ लावून मोठ्याने वाचले की नेमका आकडा कळतो. कार्डे मात्र दोनच, एक तीन सेकंदांचे आणि दुसरे चार सेकंदांचे. दुसरी क्लिप सेकंदाला 50 फ्रेम या गतीने घेतलेली आहे हे कार्डावर लिहिलेले असेल, तर 25 फ्रेमच्या फिल्ममध्ये ती निम्म्या गतीने, म्हणजे आठ सेकंद, सहज चालवता येते. तिचा मूळ आवाज मात्र वापरता येणार नाही. अकरा सेकंद झाले. रंगकामाच्या रांगेत कारागिराच्या वाकलेल्या, एकाग्र चेहऱ्याचा पाच सेकंदांचा शॉट आहे, तो इकडे सरकवता येतो, आणि शेवटी पूर्ण झालेल्या मूर्तीचे चार सेकंद घेतले की वीस भरतात. चेहरा असा उसना घेणे मला गैर वाटत नाही. दुसऱ्याच टप्प्यातील हातांचे काम आखणी म्हणून दाखवणे मात्र गैर आहे, कारण माहितीपट पाहणारा हातांवर विश्वास ठेवत असतो.

बाणांचे काम यानंतर सुरू होते. कारागीर आणि मूर्ती यांना जोडणारी एक काल्पनिक रेषा असते. कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहिला तर कारागीर पडद्यावर सतत, समजा, डावीकडे राहून उजवीकडे पाहतो. दुसऱ्या दिवशी कॅमेरा रेषेपलीकडे ठेवला गेला असेल, तर जागा उलटतात आणि दोन शॉट सलग आले की कारागिराने अचानक बाजू बदलल्यासारखे वाटते. क्लिपा एकेक करून पाहताना हा दोष लक्षात येत नाही, पण शेजारच्या दोन कार्डांवरचे बाण समोरासमोर आले की तो लगेच दिसतो. उपाय म्हणजे दोहोंमध्ये बाण नसलेले कार्ड घालणे: बरोबर रेषेवरून, कारागिराच्या पाठीमागून घेतलेले दृश्य किंवा ब्रशच्या टोकाचा अगदी जवळचा शॉट. सॉफ्टवेअरमध्ये चित्र आरशासारखे उलटवणे हा सोपा मार्ग पुष्कळांना सुचतो. इथे तो घातक ठरेल, कारण डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची होईल आणि मराठी प्रेक्षकाच्या ते पहिल्या क्षणी ध्यानात येईल.

याउलट काही विसंगतींची चिंता कार्डांवर करत बसू नये. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स यांनी 1997 च्या प्रयोगात एका छोट्या फिल्ममधील नट कटनंतर चक्क बदलून टाकला, तरी बहुसंख्य प्रेक्षकांच्या ते लक्षात आले नाही. रंगाची वाटी एका शॉटमध्ये गुडघ्याजवळ आणि दुसऱ्यात पाटाजवळ असेल, तर बिघडत नाही. सकाळचा निळसर आणि दुपारचा पिवळा उजेड मात्र सलग चौकटींत खटकतो, म्हणून कार्डाच्या कोपऱ्यात वेळेची खूण असणे बरे.

या रीतीने साठ क्लिपांतून वीसेक कार्डे उरतात आणि सरासरी सहा सेकंद धरले तर दोन मिनिटे होतात. आकडा जुळला म्हणजे फिल्म जमली असे नव्हे. कट नेमक्या कोणत्या फ्रेमवर करायचा, हात माती दाबून वर उठण्याआधी की नंतर, साच्यावर बसणाऱ्या थापेचा आवाज पुढच्या दृश्यात किती लांबवायचा, हे कागद सांगू शकत नाही. ते चित्र चालू असतानाच डोळ्यांना आणि कानांना कळते. म्हणून कार्डांवरचे सेकंद हे अंदाज मानावेत आणि क्रम मात्र सहजासहजी बदलू नये. टाइमलाइनवर एखादा क्रम कितीही फिरवून जमत नसेल, तर माऊस सोडून पुन्हा टेबलाकडे यावे, कारण अशा वेळी बहुतेकदा कटच्या जागेत दोष नसतो, एखादे कार्ड चुकीच्या रांगेत असते.