गर्भनळ्यांच्या टीबीची नोंदणी आणि पोषणाचे पैसे : अर्ज कुठे अडतो?

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली, मूल नाही, पाळीत रक्तस्राव कमी होत चाललाय आणि नळ्यांच्या एक्स-रेत दोन्ही नळ्या बंद दिसल्या, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. टीबीचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे गर्भनळ्यांत जाऊन बसतात. बहुतेक वेळा ते कित्येक वर्षं आधीच घडलेलं असतं. म्हणून खोकला नसतो आणि छातीचा एक्स-रेही बऱ्याचदा स्वच्छ येतो. अर्ज अडायला सुरुवात होते ती इथूनच.

बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, तिथे थुंकी तपासतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि "तुम्हाला टीबी नाही" असं सांगून तिला परत पाठवतात. पण आजार नळ्यांत असेल तर थुंकीत जंतू दिसणार कसे? हा रिपोर्ट घेऊन घरी बसू नका. ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात जा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या तपासणीबद्दल विचारा.

या तपासणीतच सगळ्यात जास्त घोळ होतो. घाटंजी तालुक्यातली एक बाई माझ्यासोबत होती. कापूस वेचणीची मजुरी बुडवून, दोन बस बदलून ती जिल्ह्याला आली, पण पाळीच्या आठव्या दिवशी. अस्तर दर महिन्याला गळून पडतं आणि नवीन अस्तरात आजाराच्या गाठी तयार व्हायला वेळ लागतो. त्यामुळे तुकडा पाळी येण्याच्या थोडं आधी, साधारण एकविसाव्या दिवसानंतर घ्यावा लागतो. त्या महिन्यात गर्भ राहू नये म्हणून आधीच काळजी घ्यायला हवी, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा ती वेळेवर आली, तर सगळा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला गेला. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, त्यातून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, होत नाही. कल्चरसाठी आणि सीबीनॅटसाठी, म्हणजे मशीनवर जंतूंचा डीएनए शोधायच्या तपासणीसाठी, तुकडा साध्या सलाइनमध्ये हवा, फॉर्मालिनची बाटली फक्त बायोप्सीसाठी. म्हणून बायांनो, आत जाण्याआधी नर्सताईंना हात जोडून एवढंच विचारा, "दोन बाटल्या आहेत ना?"

तिसऱ्या खेपेला सीबीनॅट निगेटिव्ह आली. अस्तरात जंतू फार थोडे असतात, त्यामुळे असं नेहमी होतं आणि तेवढ्यावरून टीबी नाही असं म्हणता येत नाही. तिच्या बायोप्सीत मात्र क्षयाच्या ग्रॅन्युलोमा गाठी सापडल्या आणि डॉक्टरांनी उपचार लिहून दिला. याउलट, बाहेरच्या लॅबमधला नुसता पीसीआर पॉझिटिव्ह दाखवून गोळ्या सुरू करू नका. त्या एकट्या रिपोर्टवर निदान पक्कं होत नाही.

पुढे नोंदणीच्या टेबलावर तिला विचारलं, "जंतू सापडल्याचा रिपोर्ट कुठाय?" मला त्या वेळी फार राग आला. डॉक्टरांनी लक्षणं, बायोप्सी किंवा दुर्बिणीच्या तपासणीवरून निदान केलेल्या पेशंटचीही सरकारच्या टीबी नोंदणीच्या निक्षय पोर्टलवर नोंद होते, त्यासाठी तिथे वेगळा पर्याय आहे. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची सहीची चिठ्ठी ठेवा. खाजगी डॉक्टरांनाही ही नोंद करणं बंधनकारक आहे. तिथे उपचार चालू असला तरी पोषणाचे पैसे मिळतात.

निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये मिळतात. सहा महिन्यांच्या उपचाराचे पैसे दोन हप्त्यांत येतात, 3,000 सुरुवातीला आणि 3,000 उपचाराचे 84 दिवस झाल्यावर. कागद दोनच : आधार आणि बँक पासबुक. अडचण नावाची असते. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं. कधी जनधन खातं व्यवहार नसल्यामुळे बंद पडलेलं असतं. आधी बँकेत जाऊन केवायसी करा, मग अर्ज द्या. स्वतःचं खातं नसेल तर संमती लिहून देऊन रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं चालतं. निक्षय क्रमांक लिहून घ्या. पैसे आले नाहीत तर 1800-11-6666 या मोफत क्रमांकावर तोच विचारतात.

गोळ्या सहा महिने रोज घ्यायच्या, त्या मोफत मिळतात. लघवी केशरी होईल, घाबरू नका. या काळात गर्भ राहू देऊ नका आणि त्यासाठी पाळणा लांबवायच्या गोळ्यांवर विसंबू नका, कारण टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे त्यांचा असर कमी होतो.

आणखी एक गोष्ट सासूबाईंनाही सांगा. गोळ्यांनी जंतू मरतात, पण चिकटून बंद झालेल्या नळ्या बहुधा उघडत नाहीत. अस्तर चांगलं राहिलं असेल तर टेस्ट ट्यूबचा मार्ग उरतो. उपचारानंतर दिवस गेलेच तर पाळी चुकल्याबरोबर सोनोग्राफी करा, कारण खराब नळीत गर्भ अडकून नळी फुटू शकते. घाटंजीच्या त्या बाईचा पहिला हप्ता जमा झालाय. दुसऱ्या हप्त्याच्या तारखेवर तिने पासबुकात पेनाने गोल केलाय.