निफ्टी जागेवर, तरी तोटा: डबल डायगोनलचा व्हेगा

निफ्टी 25,000 वर आहे आणि आठवडाभर तो फारसा हलणार नाही, असं तुमचं मत आहे. अशा वेळी बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं आयर्न कॉन्डरचं. त्याच मतावर डबल डायगोनलही लावता येतो. दोन्हींचे आलेख वरवर भावंडांसारखे दिसतात, पण व्होलॅटिलिटी बदलली की ते उलट दिशांना जातात.

उदाहरण घेऊ. पुढच्या मंगळवारी, म्हणजे सात दिवसांनी संपणारा 25,300 चा कॉल आणि 24,700 चा पुट विकला. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (आयव्ही) सगळीकडे 12 टक्के आणि व्याज शून्य धरलं, तर ब्लॅक-शोल्सच्या हिशेबाने प्रत्येकी साधारण 57 पॉइंट मिळतात. (प्रत्यक्षात दूरचे पुट थोडे महाग असतात; इथे ते बाजूला ठेवू.) आता संरक्षण म्हणून 25,500 चा कॉल आणि 24,500 चा पुट घ्यायचा. तो त्याच एक्स्पायरीचा घेतला तर प्रत्येकी 23 पॉइंट पडतात, हातात 68 पॉइंट उरतात आणि आयर्न कॉन्डर तयार होतो. तेच स्ट्राइक 35 दिवसांनी संपणाऱ्या मंथलीतून घेतले तर प्रत्येकी 173 मोजावे लागतात. खिशातून निव्वळ 232 पॉइंट जातात. हा डबल डायगोनल.

व्हेगा म्हणजे आयव्ही एक टक्क्याने बदलली तर पोझिशनची किंमत किती बदलते, ते माप. मुदत जितकी लांब तितका ऑप्शनचा व्हेगा मोठा. आपल्या मंथली ऑप्शनचा व्हेगा सुमारे 27 पॉइंट आहे, विकलेल्या वीकलीचा जेमतेम 11. दोन्ही बाजू मिळून डबल डायगोनलचा व्हेगा अधिक 32 येतो, तर कॉन्डरचा उणे 8 च्या आसपास. म्हणजे कॉन्डरवाल्याला आयव्ही घसरलेली हवी असते आणि डायगोनलवाल्याला चढलेली.

आता सात दिवस पुढे जाऊ. निफ्टी अगदी 25,000 वरच बंद झाला. कॉन्डरचे 68 पॉइंट सरळ खिशात. एक्स्पायरीला आयव्ही काहीही असो, त्याला फरक पडत नाही. डायगोनलमध्ये मात्र अजून 28 दिवस उरलेले दोन ऑप्शन हातात आहेत. आयव्ही 12 वरच राहिली असेल तर त्यांचे मिळून सुमारे 280 येतात, नफा 48. आयव्ही 14 झाली असेल तर नफा 140 च्या वर. आणि 10 वर आली असेल तर त्या दोन ऑप्शनला 191 च मिळतात: अंदाज शंभर टक्के बरोबर, तरी 41 पॉइंटचा तोटा. रेंजमध्ये अडकलेल्या बाजारात आयव्ही हळूहळू खाली येणं नेहमीचंच, त्यामुळे ही तिसरी शक्यता दुर्मीळ नाही. माझ्या मते डबल डायगोनलला ‘रेंजचा डाव’ म्हणणं अर्धवट आहे; निफ्टी थांबेल पण आयव्ही पडणार नाही, अशा दोन मतांचा तो डाव आहे.

म्हणून आयव्ही आधीच खालच्या पातळीला टेकलेली असताना डबल डायगोनल शोभतो. मोठ्या घटनेच्या तोंडावर फुगलेली आयव्ही विकत घेणं महागात पडतं. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी ऑप्शनच्या आयव्हीवरून निघणारा निर्देशांक इंडिया व्हीआयएक्स 26 च्या वर बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी 20 च्या खाली आला.

त्या 32 च्या आकड्यावरही फार विसंबू नये. तो सगळ्या मुदतींची आयव्ही सारखीच हलते असं गृहीत धरतो. प्रत्यक्षात वीकलीची आयव्ही जास्त उसळते, मंथलीची कमी. अचानक भीती पसरली तर विकलेला वीकली भराभर महाग होतो आणि मंथलीला तेवढा जोर येत नाही. कागदावरचा फायदा आटतो.

दुसरी गफलत जास्त घातक आहे. 232 मोजले म्हणजे तोटाही फार तर 232, असं अनेकांना वाटतं. निफ्टी जोरात वर गेला तर विकलेला 25,300 आणि घेतलेला 25,500 यांतलं 200 चं अंतरही भरावं लागतं, आणि मंथली कॉलमधलं वेळेचं मूल्य विरघळत जातं. वाईटात वाईट तोटा सुमारे 430 पॉइंटपर्यंत जातो. कॉन्डरमध्ये तोच 132 वर थांबतो.

शिवाय 1 फेब्रुवारी 2025 पासून सेबीच्या नियमानुसार, ज्या दिवशी एखादा करार संपतो त्या दिवशी त्याला कॅलेंडर स्प्रेडची, म्हणजे वेगवेगळ्या तारखांचे पाय एकमेकांना सावरतात म्हणून मिळणारी, मार्जिन सवलत मिळत नाही. वीकली संपण्याच्या दिवशी डायगोनलचा मार्जिन एकदम वाढतो, कॉन्डरचे चारही पाय एकाच तारखेचे असल्याने त्याला हा फटका नाही. जादा पैसे खात्यात नसतील तर सोमवारीच वीकली पाय बंद करावेत किंवा पुढच्या आठवड्यात सरकवावेत.