मोठा पॅक खरोखर स्वस्त पडतो का?

लातूरला शिकवणीसाठी राहणाऱ्या मुलाच्या वडिलांचा प्रश्न: “पोरगं म्हणतंय, गेममधला मोठा पॅक घेतला की रत्नं स्वस्त पडतात. खरं आहे का?”

दर रत्नामागे हिशेब केला तर हे खरे आहे, परंतु रत्ने हे गेममधले, खऱ्या पैशांनी घ्यायचे चलन आहे; खरी खरेदी रत्नांची नसून त्यांतून येणाऱ्या वस्तूची असते. समजा, एका गेममध्ये १०० रत्ने ८९ रुपयांना, ५५० रत्ने ४४९ रुपयांना आणि १२०० रत्ने ८९९ रुपयांना मिळतात, आणि मुलाला हवा असलेला पोशाख ६०० रत्नांचा आहे. मोठ्या पॅकमध्ये रत्न ७५ पैशांना दिसते. पण उरलेली ६०० रत्ने वापरली गेली नाहीत, तर तोच पोशाख ८९९ रुपयांना पडतो. लहान सहा पॅक घेतले तर ५३४ रुपयांत काम भागते. मधला आणि लहान पॅक मिळून ५३८ रुपये होतात व ५० रत्ने उरतात, ज्यांत बहुधा काहीच येत नाही. हे उरणे पुढच्या खरेदीचे आमिष असते, कारण रत्ने सहसा परत विकता येत नाहीत.

गेममध्ये अनेक वस्तू एकत्र बांधून विकल्या जातात, त्या बंडलवरील “पाचपट मूल्य” ही पट्टीही कंपनीने स्वतःच ठरवलेल्या किमतींवर आधारलेली असते. त्यातील जी वस्तू सुटी घेतली नसती, तिची किंमत शून्य धरावी. उलट्या मोजणीचे घड्याळ संपल्यावर तेच बंडल आठवड्याभरात पुन्हा दिसले, तर ती घाई निव्वळ दबाव होती. उरलेली रत्ने खरोखर लागणार असतील, तेव्हा मात्र मोठा पॅक स्वस्तच पडतो.